जेट लॅग : सकाळचं ऊन प्रत्येक वेळी उपयोगी नसतं

दिवाळीच्या आधी आणि मे-जूनमध्ये माझ्याकडे एक ठराविक मागणी घेऊन लोक येतात. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेले असतात, किंवा नुकतेच परत आलेले असतात. "डॉक्टर, जेट लॅगवर एखादी झोपेची गोळी लिहून द्या." मी सहसा देत नाही. त्याऐवजी एक कागद घेतो आणि त्यावर दोन घड्याळं काढतो. काही जणांचा चेहरा पडतो, कारण गोळी घेणं सोपं असतं.

दुसरा एक सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो : "पोहोचलात की लगेच तिथल्या वेळेप्रमाणे वागा आणि सकाळचं ऊन घ्या, दोन दिवसांत सगळं ठीक होतं." माझा आक्षेप याच सल्ल्यावर आहे. तीन-चार तासांच्या फरकाला तो बऱ्यापैकी चालतो. पण भारत आणि अमेरिका यांच्यासारखा साडेनऊ तासांचा फरक असला, आणि विशेषतः तिकडून इकडे परत येताना, सकाळचं ऊन तुमचं घड्याळ उलट्या दिशेला ढकलू शकतं. हे कसं होतं ते नीट समजून घेऊ या, म्हणजे पुढची सगळी आखणी तुमची तुम्हालाच करता येईल.

शरीरातलं घड्याळ

आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या दोन नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर, पेशींचे दोन छोटे पुंजके असतात. त्यांना सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल. हे शरीराचं मुख्य घड्याळ. झोप, भूक, शरीराचं तापमान, अनेक हार्मोन्स यांच्या वेळा ते ठरवतं. पेशींच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या घड्याळाची एक गंमत आहे. बाहेरचा उजेड दिसलाच नाही, तर बहुतेक माणसांमध्ये ते २४ तासांपेक्षा थोडं जास्त, साधारण दहा-बारा मिनिटं जास्त घेतं. म्हणजे त्याचा कल मागे पडण्याकडे असतो. रात्री एक तास उशिरा झोपणं सोपं आणि एक तास लवकर झोपणं कठीण का, याचं एक कारण हेच. पश्चिमेकडे गेलं की आपल्याला उशिरा झोपावं लागतं, म्हणून तो प्रवास शरीराला कमी जड जातो. पश्चिमेकडे घड्याळ दिवसाला साधारण दीड तास सरकतं, पूर्वेकडे जेमतेम एक तास. विमान साडेनऊ तासांचा फरक सोळा तासांत पार करतं, शरीराला त्याला आठवडा लागतो.

हे घड्याळ सरकवणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे डोळ्यांत जाणारा उजेड. पण तो कधी जातो, यावर ते कोणत्या दिशेला सरकणार हे अवलंबून असतं. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

रात्रीत एक वेळ अशी येते की शरीराचं तापमान सगळ्यात कमी असतं. नेहमीच्या उठण्याच्या दोन-अडीच तास आधी ती येते. रोज सकाळी साडेसहाला उठणाऱ्याची ती पहाटे चारच्या आसपास असते. रात्रभर जागरण केलेल्यांना ती ओळखता येईल : अंगाला गारठा वाटतो, डोळे उघडे ठेवणं अशक्य होतं, दिलेलं उत्तर आपल्यालाच कळत नाही. मी पेशंटना सांगताना तिला 'तळ' म्हणतो. सगळा हिशोब या तळावर आहे.

तळाच्या आधीच्या काही तासांत डोळ्यांत प्रखर उजेड गेला, तर मेंदूला वाटतं, "अजून संध्याकाळ संपलेली नाही," आणि घड्याळ मागे पडतं. तळाच्या नंतरच्या काही तासांत उजेड गेला, तर वाटतं, "सकाळ झाली," आणि घड्याळ पुढे सरकतं. घरी असताना सकाळचं ऊन नेहमी तळाच्या नंतर येतं, म्हणून ते फायद्याचं. पण विमानातून उतरल्यावर तुमचा तळ काही तिथल्या पहाटे चारला नसतो. तो जुन्या गावाच्या पहाटे चारलाच असतो.

एकाच घरातले दोघे, दोन दिशांना

माझ्याकडे गेली अनेक वर्षं येणारं एक जोडपं आहे. काका सत्तरीच्या जवळ, काकू त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. काकांना मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. मुलगा न्यू जर्सीला. पहिल्यांदा तीन महिने राहून ते ऑक्टोबरमध्ये परत आले. तिकडे अकराला झोपून सातला उठायची सवय लागली होती, म्हणजे तळ तिकडच्या पहाटे साडेचारला. ऑक्टोबरात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तेव्हा पुण्यात त्यांचा तळ होता दुपारी २ वाजता.

काका शिस्तीचे. पहिल्या दिवसापासून साडेसहाला टेकडीवर. "सकाळचं ऊन घ्या" हे त्यांनी मनावर घेतलं होतं. पण पुण्यातले सकाळचे साडेसहा म्हणजे त्यांच्या शरीरातले आदल्या रात्रीचे नऊ. तळाच्या पाच-सात तास आधीचा तो उजेड. घड्याळ रोज आणखी मागे पडत गेलं. दुपारी दोनचा तळ साडेतीनला, मग पाचला. पाचव्या दिवशी ते संध्याकाळी चहा घेता घेता खुर्चीत झोपले आणि रात्री अकराला टक्क जागे. साडेनऊ तास पुढे जायच्या ऐवजी त्यांचं शरीर साडेचौदा तास मागे जायच्या वाटेला लागलं होतं.

काकूंनी यातलं काहीच केलं नाही. सकाळी झोप अनावर, म्हणून पडदे ओढून त्या उशिरापर्यंत झोपल्या. उठल्यावर दुपारी बाल्कनीत बसून भाजी निवडली, चारच्या सुमारास मंडईत गेल्या. नकळत त्यांनी अगदी बरोबर वागणूक केली : तळाच्या आधी अंधार, तळाच्या नंतर उजेड. नवव्या दिवशी त्या रात्री साडेदहाला झोपून सकाळी सहाला उठत होत्या. काकांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त लागले. काकूंना वाटलं आपण आळशीपणा केला, काकांना वाटलं आपलं वय झालं. दोन्ही चूक.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. इतक्या मोठ्या फरकात उलट्या दिशेने जाणं हा काही गुन्हा नाही. साडेचौदा तास मागे दिवसाला दीड तासाने, किंवा साडेनऊ तास पुढे दिवसाला एका तासाने, दोन्हींचा हिशोब नऊ-दहा दिवसांचाच येतो. खरा घोटाळा होतो तो आज इकडे, उद्या तिकडे ढकलण्यामुळे. काका सकाळी टेकडीवर जात, आणि एखाद्या दिवशी नातेवाईक आले की दुपारभर गच्चीवर गप्पा मारत. म्हणजे एका हाताने मागे, दुसऱ्या हाताने पुढे. घड्याळ जागच्या जागी डुलत राहतं.

आणि झोप बिघडण्यापेक्षा गंभीर गोष्ट दुसरीच घडली. तिसऱ्या दिवशी काकांनी घड्याळात आठ वाजले म्हणून ग्लिमेपिराइड घेतली. शरीरात तेव्हा रात्रीचे साडेदहा. भूक नव्हती, अर्धी पोळी खाऊन उठले आणि दहाला झोपले ते दुपारी अडीचपर्यंत. काकूंनी हाक मारली तेव्हा घामाने भिजलेले आणि असंबद्ध बोलत होते. साखर ५४. काकूंनी प्रसंगावधान राखून साखरेचं पाणी दिलं म्हणून निभावलं. जेट लॅग म्हणजे चार दिवस झोपेचं खोबरं, एवढंच बहुतेकांना वाटतं. साखरेची, रक्तदाबाची, फिटची औषधं चालू असलेल्यांसाठी ते तेवढंच नाही.

पुढच्या वेळी काय केलं

दोन वर्षांनी ते परत न्यू जर्सीला गेले. परतीची तारीख पुन्हा ऑक्टोबरातच. या वेळी निघण्याआधी आम्ही कागदावर परतीचा प्रवास मांडला. तो तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सविस्तर देतो.

पूर्वेकडे यायचं तर घड्याळ पुढे सरकवायचं, आणि ते काम निघण्याच्या तीन दिवस आधी सुरू करायचं. अकराऐवजी दहाला झोपायचं, मग नऊला, जमलं तर आठला, आणि उठायचंही तेवढंच लवकर. रात्रीचं जेवणही त्याच मापाने अलीकडे आणायचं : साडेआठचं साडेसातला, मग साडेसहाला. लवकर उठल्यावर अंधारात फोन बघत पडायचं नाही. घरातले सगळे दिवे लावायचे, आणि ऑक्टोबरात तिथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा बाहेर पडायचं. तिथे सकाळचा उजेड तळाच्या नंतरचा असतो, म्हणून तो योग्य दिशेला ढकलतो. घरातला दिवा आणि बाहेरचा उजेड यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बैठकीच्या खोलीत साधारण १०० ते ३०० लक्स उजेड असतो, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर काही हजार.

प्रत्यक्षात तीन दिवस जमले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी सुनेने निरोपाचं जेवण ठेवलं आणि झोपायला अकरा वाजले. चालायचंच. तरी दीड-दोन तासांची कमाई झाली. तळ साडेचारवरून तीनच्या आसपास आला, म्हणजे भारतातले दुपारचे साडेबारा.

विमान तिथून दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ च्या सुमारास मुंबईत उतरणारं, थेट. विमानात बसल्या बसल्या झोपायचं नाही, असं मी सांगितलं होतं. बऱ्याच जणांना वाटतं, भारतात रात्र आहे, तर आत्ताच झोपायला हवं. पण शरीरात भर दुपार असते, झोप लागत नाही, मग गोळी किंवा वाइन सुरू होते. पहिल्या आठ-नऊ तासांत चाला, सिनेमा बघा, दर दीड-दोन तासांनी उठून पाय मोकळे करा. शेवटचे पाच तास झोपेचे. तेव्हा शरीरात रात्र सुरू झालेली असते आणि बाहेर मात्र सकाळचं कडक ऊन. खिडकी बंद, डोळ्यांवर पट्टी. उतरण्याआधी दिवे लावून नाश्ता वाटतात, त्यासाठी उठवू नका असं हवाई सुंदरीला आधीच सांगायचं. हा एक तास फार महत्त्वाचा. तळाच्या दोन तास आधी खिडकी उघडून सूर्योदयाचे फोटो काढणारे लोक स्वतःचं घड्याळ मागे ढकलत असतात.

मुंबईत उतरल्यावर साडेबारापर्यंत गॉगल. इमिग्रेशन आणि सामान यांत तेवढा वेळ जातोच. बाहेर टॅक्सीत बसल्यावर गॉगल काढायचा आणि पुण्यापर्यंत बाहेर बघत यायचं. आधीची तयारी अजिबात झाली नसती, तर तळ दोनला असता आणि गॉगल लोणावळ्याच्या जवळपास काढावा लागला असता. टॅक्सी ड्रायव्हर चालवतो म्हणून हे ठीक आहे. या दिवशी स्वतः गाडी चालवू नका, गॉगल लावून तर नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून नियम एकच : तळ रोज एक तास अलीकडे येतो असं धरायचं. दुसऱ्या दिवशी साडेअकरा, तिसऱ्या दिवशी साडेदहा, चौथ्या दिवशी साडेनऊ. त्या वेळेच्या आधी घरात, पडदे ओढून. त्या वेळेनंतरचे दोन-तीन तास बाहेरच्या उजेडात. ऑक्टोबर हीटमध्ये भर उन्हात कोणी बसायचं नाही. सावलीत, झाडाखाली, मोकळ्या बाल्कनीत पुरतं. आपल्याला उजेड हवा आहे, ऊन नव्हे. काकांची टेकडी आठवडाभर बंद केली. ते नाराज होते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून सकाळी आठनंतर चालायला परवानगी दिली.

रात्री झोपायची वेळ साडेदहाची. दुसऱ्या रात्री दोघेही एक ते चार जागे होते. हे होणारच. त्या वेळी दिवे लावून स्वयंपाकघरात जायचं नाही, मंद दिव्यात पडून राहायचं. दिवसा फारच झोप आली तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं. दुपारी तीन तास झोपलात की रात्र गेली. चहा-कॉफी दुपारी दोननंतर बंद, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही शरीरात असतो. सातव्या दिवशी काका साडेअकराला झोपून सकाळी साडेसहाला उठले.

घड्याळ योग्य दिशेला जातंय की नाही हे कसं ओळखायचं? दिवसा कोणत्या वेळी सगळ्यात जास्त पेंग येते आणि अंगावर गारठा येतो, ते रोज कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती वेळ रोज अलीकडे येत असेल तर बरोबर चाललंय. ती संध्याकाळकडे सरकत असेल तर तुम्ही उलटे निघाला आहात. अशा वेळी मधेच दिशा बदलू नका. आता मागेच जायचं ठरवून त्या वेळेच्या आधीचा उजेड घ्या आणि नंतरचा टाळा. आठवडाभरात तेही पूर्ण होतं.

जेवण

मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, पण यकृत, स्वादुपिंड, आतडी यांची आपापली घड्याळं असतात आणि त्यांच्यावर जेवणाच्या वेळेचा मोठा परिणाम होतो. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग मला फार बोलका वाटतो. दहा निरोगी पुरुषांची रोजची जेवणं पाच तासांनी पुढे ढकलली. मेंदूच्या घड्याळाची खूण असलेलं मेलाटोनिन जागचं हललं नाही, पण रक्तातल्या साखरेची दैनंदिन लय जवळजवळ पावणेसहा तासांनी सरकली. म्हणजे जेवणाने जेट लॅग बरा होत नाही, पण जेवण चुकीच्या वेळी घेतलं तर पोट एका गावात आणि डोकं दुसऱ्या गावात अशी अवस्था होते. बद्धकोष्ठ, पित्त, मध्यरात्री भूक हे सगळं त्यातूनच.

म्हणून विमानात समोर ट्रे आला की खायचं, हे सोडून द्या. जिथे जाणार तिथे ती कोणत्या जेवणाची वेळ आहे ते बघा. काका-काकूंच्या परतीच्या विमानात पहिला ट्रे आला तेव्हा भारतात रात्रीचे साडेदहा होते. ते रात्रीचं हलकं जेवण समजून खाल्लं. नंतर थेट उतरून दुपारचं जेवण, तेही पोळी-भाजी आणि ताक इतकंच, कारण शरीरात तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते आणि त्या वेळी साखर नीट पेलवत नाही. घरी पोहोचल्यावर शेजाऱ्यांनी पाठवलेलं श्रीखंड दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलं तर बिघडत नाही. पुढचे दिवस नाश्ता, जेवण, रात्रीचं जेवण इथल्या वेळेला, भूक नसली तरी थोडं. पहाटे तीनला भूक लागलीच तर एखादं केळं किंवा अर्धा कप दूध, पुरणपोळी नाही.

मधुमेहाच्या गोळ्यांचं काय? काकांना मी सांगितलं होतं की पोहोचल्याच्या दिवशी ग्लिमेपिराइड वगळा आणि पुढचे चार दिवस पोटभर जेवणार असाल तरच घ्या. जेवण नाही तर ती गोळी नाही. दोन दिवस साखर थोडी वर राहिली तरी चालेल, ती एकदम खाली जाता कामा नये. ग्लुकोमीटर हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना भेटलंच पाहिजे. पूर्वेकडे येताना दिवस साडेनऊ तासांनी लहान होतो. दिवसातून एकदा घ्यायचं इन्सुलिन नुसतं नव्या घड्याळाप्रमाणे घेतलं तर दोन डोसांत २४ ऐवजी साडेचौदा तास उरतात आणि दोन्हींचा परिणाम एकावर एक चढतो.

गोळ्यांविषयी माझं मत

झोलपिडेमसारखी गोळी झोप आणते, घड्याळ सरकवत नाही. साठीपुढच्या माणसाला अनोळखी घरात मध्यरात्री उठून बाथरूमला जाताना ती गोंधळात टाकते, आणि पडून मांडीचं हाड मोडणं हा जेट लॅगपेक्षा मोठा आजार आहे. विमानात ती घेऊन आठ तास न हलता बसणं पायांतल्या शिरांमध्ये गुठळी होण्याच्या दृष्टीनेही वाईट. दारूचंही तेच. पहिल्या तासात झोप येते, नंतर तुटक.

मेलाटोनिनबद्दल मी इतका कडक नाही. पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडणाऱ्यांना, विशेषतः पूर्वेकडे, त्याचा उपयोग होतो हे चाचण्यांमधून दिसलं आहे. अर्धा ते पाच मिलिग्रॅम यांत घड्याळ सरकवण्यात फारसा फरक पडत नाही, जास्त मात्रेने फक्त झोप लवकर लागते. म्हणून मी कमी मात्रा पसंत करतो. पोहोचल्यावर पहिले चार-पाच दिवस, झोपायच्या वेळी. सकाळी किंवा भलत्या वेळी घेतलं तर पेंग येते आणि घड्याळ उलटं जातं. वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि फिटचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. अमेरिकेत ते दुकानात चॉकलेटसारखं मिळतं, पण लेबलवर लिहिलेली मात्रा आणि आत असलेली मात्रा यांत मोठी तफावत आढळली आहे. मुलांनी पाठवलेली दहा मिलिग्रॅमची बाटली मी पेशंटना परत द्यायला लावतो.

जाताना, आणि इतर गावं

जाताना काम सोपं. न्यू जर्सीला जुलैत सकाळी उतरलात, इथे साडेसहाला उठत असाल, तर तुमचा तळ तिथे संध्याकाळी साडेसहाला असतो. घड्याळ मागे न्यायचं आहे, म्हणून दुपारी एक ते साडेपाच बाहेर राहा. पण जुलैत तिथे साडेआठपर्यंत ऊन असतं. पहिल्या दिवशी साडेसहानंतर मुलं "चला, बागेत फिरून येऊ" म्हणतात, तेव्हा नाही म्हणा किंवा गॉगल लावा. दुसऱ्या दिवशी तळ आठच्या आसपास, तिसऱ्या दिवसापासून ही अडचण राहत नाही. निघण्याआधी दोन-तीन रात्री तासभर उशिरा झोपलात तर आणखी बरं.

दोन दिवसांच्या मीटिंगला लंडनला जाणाऱ्या आयटीतल्या मंडळींनी मात्र यातलं काहीच करू नये. घड्याळ हलायला लागेपर्यंत परतीचं विमान असतं. जमेल तितकं भारतीय वेळेनेच झोपा, आणि महत्त्वाचं काम तिथल्या सकाळी ठेवा.

इतर गावांसाठी हिशोब तोच. नेहमीच्या उठण्याच्या वेळेतून अडीच तास वजा करा, आलेली वेळ नव्या गावाच्या वेळेत लिहा. पूर्वेकडे गेला असाल तर त्या वेळेच्या आधी अंधार, नंतर उजेड. पश्चिमेकडे गेला असाल तर उलट. जूनमध्ये सिडनी आपल्या साडेचार तास पुढे असतं. इथे साडेसहाला उठणाऱ्याचा तळ तिथे सकाळी साडेआठला येतो. विमान सातला उतरलं, तर साडेआठपर्यंत गॉगल ठेवा आणि नऊ ते बारा बाहेर हिंडा. दुसऱ्या दिवशी साडेसात, तिसऱ्या दिवशी साडेसहा. जूनमध्ये तिथे सूर्यच सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून गॉगलची गरज राहत नाही.